खोलीत माणूस झोपला, पण हिशोबात आला का?

हॉटेलच्या खोल्यांचं उत्पन्न तपासायला गेलात की फ्रंट ऑफिसकडून अहवालांचा एक गठ्ठा हातात येतो. एका अहवालात काल रात्री विकलेल्या खोल्या ४२, दुसऱ्यात त्या ४२ खोल्यांना लावलेलं भाडं, तिसऱ्यात ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, ७० टक्के. तिन्ही एकमेकांशी चोख जुळतात. जुळणारच, कारण तिन्ही एकाच प्रणालीतून, त्याच नोंदींवरून निघालेले असतात. ज्या खोलीत माणूस झोपला पण ज्याची नोंदच झाली नाही, ती खोली तिन्ही अहवालांतून सारखीच गायब असते.

त्यामुळे एका अहवालाची दुसऱ्या अहवालाशी बेरीज जुळवत बसण्यात फारसा अर्थ नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतात. पहिली बुकिंग प्रणालीतली. दुसरी हाउसकीपिंगची, म्हणजे सकाळी प्रत्यक्ष दार उघडून पाहिलेल्या माणसाने लिहिलेली. तिसरी पैशाची: मोजलेली रोकड, कार्ड मशीनचा बॅच, म्हणजे मशीनवरच्या व्यवहारांचा एकत्र गठ्ठा, आणि शेवटी बँकेचं विवरण. क्रमही महत्त्वाचा आहे. पलंगापासून निघून प्रणालीकडे आणि तिथून पैशाकडे जायचं. प्रणालीपासून सुरुवात केली तर जे नोंदवलं आहे ते खरं आहे का, एवढंच कळतं. जे नोंदवलंच नाही ते कधीच समोर येत नाही.

उदाहरणासाठी ६० खोल्यांचं एक काल्पनिक हॉटेल आणि त्याची एकच रात्र घेऊ. रकमा कुठल्याही चलनात वाचा. कर सोयीसाठी सरसकट १० टक्के धरला आहे.

साठ खोल्या गेल्या कुठे?

पहिला प्रश्न पैशाचा नाहीच. साठही खोल्या त्या रात्री कोणत्या अवस्थेत होत्या, हे आधी ठरवायचं. प्रणाली सांगते: विकलेल्या ४२, कॉम्प्लिमेंटरी, म्हणजे फुकट दिलेली, १, हाउस यूज १ (तिथे हॉटेलचाच एक अधिकारी राहिला), रिकाम्या १३ आणि दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे आउट ऑफ ऑर्डर, ३. बेरीज ६०. ही बेरीज ६० येत नसेल तर तिथेच थांबावं. पुढचं सगळं त्याच पायावर उभं राहणार असतं.

आता हाउसकीपिंगचा सकाळचा कागद. प्रत्येक मजल्याचा कामगार खोलीगणिक लिहितो: पलंग वापरलेला आहे की नाही, सामान आहे का, चादरी आणि टॉवेल किती बदलले. हा कागद उपयोगी पडायचा तर एक अट आहे. लिहिणाऱ्याच्या हातात त्या वेळी प्रणालीची यादी नसावी. बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर आधी प्रणालीतून खोल्यांची स्थिती छापून घेतो आणि कामगार त्यावरच टिकमार्क करत जातो. तसं असेल तर तो कागद वेगळा पुरावा राहत नाही, प्रणालीचीच नक्कल होतो. म्हणून स्वच्छ टंकलेली प्रत बाजूला ठेवावी आणि मजल्यावर पेन्सिलीने भरलेला मूळ कागद मागावा. तो मळलेला, दुमडलेला असतो आणि म्हणूनच कामाचा असतो.

प्रणालीप्रमाणे त्या रात्री ४२, १ आणि १ मिळून ४४ खोल्यांत माणसं होती. हाउसकीपिंगच्या कागदावर वापरलेल्या खोल्या ४५. जास्तीची खोली ३०७. प्रणालीत ती आउट ऑफ ऑर्डर आहे, कारण लिहिलंय ‘नळ गळती’. मजल्यावरचा कागद म्हणतो: पलंग वापरलेला, दोन्ही चादरी बदलल्या, टॉवेल चार.

असा फरक दिसला की लगेच चोरी म्हणू नये. फरक दोन्ही बाजूंनी पडतो आणि बहुतेक वेळा कारण साधं निघतं. प्रणालीत भरलेली पण प्रत्यक्षात रिकामी खोली म्हणजे अनेकदा असा पाहुणा, जो पहाटे बिल भरून गेला आणि ज्याचं चेक-आउट करायचं काउंटरवर राहून गेलं. व्यवसायात अशा खोलीला स्लीपर म्हणतात. तो पैसे न भरताच गेला असेल तर स्किपर. उलट बाजूला, प्रणालीत बंद असलेली खोली प्रत्यक्षात वापरलेली असण्याचीही साधी कारणं असतात: रात्री एसी बिघडला म्हणून पाहुण्याला घाईत हलवलं, किंवा रात्रपाळीचा कर्मचारी तिथे झोपला. ३०७ च्या बाबतीत यांपैकी काय, ते शोधायला चार जागा आहेत.

पहिली, खोलीच्या स्थितीतल्या बदलांचा लॉग. ३०७ रात्री ९:४० ला बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८:१० ला पुन्हा विक्रीसाठी खुली झाली. दोन्ही बदल फ्रंट ऑफिसच्या एकाच लॉग-इनवरून. दुसरी, देखभाल विभागाची जॉब कार्डं. नळ गळत असेल तर प्लंबरला कोणीतरी बोलावलं असणार, आणि तो साडेदहा तासांत, तेही रात्री, दुरुस्ती करून गेला असणार. ३०७ चं जॉब कार्डच नाही. तिसरी, दाराच्या कुलपाची नोंद. कार्डावर चालणारी कुलपं असतील तर कार्ड कधी तयार झालं आणि दार कधी उघडलं, हे निघू शकतं. ३०७ साठी रात्री १०:०५ ला नवं कार्ड तयार झालं. चौथी, कॅमेरा. त्याचं चित्रण फार दिवस ठेवलेलं नसतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागून बाजूला काढून ठेवायचं.

एका रात्रीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून महिना घ्यायचा. आउट ऑफ ऑर्डर दाखवलेल्या खोल्यांची तीस रात्रींची यादी प्रणालीतून काढली, ती जॉब कार्डांशी लावली आणि मग हाउसकीपिंगच्या मूळ कागदांशी. समजा ३०७ आणि ३०८ या दोन खोल्या मिळून ११ वेळा जॉब कार्डाशिवाय बंद दिसल्या आणि त्यांपैकी ९ वेळा चादरी बदललेल्या होत्या. या ९ पैकी एका रात्री ड्यूटी मॅनेजरच्या वहीत पाहुण्याला खोली बदलून दिल्याची नोंद सापडली. राहिल्या ८. तिथला सर्वसाधारण दर ३,५०० असेल, तर सुटलेल्या उत्पन्नाचा अंदाज २८,००० आणि त्यावरचा कर २,८००. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पाहुण्याने प्रत्यक्षात किती दिले हे आपल्याला ठाऊक नाही. बिल न मागणाऱ्याला दर बहुधा कमीच सांगितला असणार. अहवालात ‘अंदाज’ हाच शब्द लिहावा.

एकच खोली दिवसात दोनदा विकणं याहून पकडायला अवघड आहे. दुपारी काही तासांसाठी दिलेली खोली, म्हणजे डे यूज, रात्रीच्या मोजणीत दिसतच नाही. पाहुणा दुपारी येतो, संध्याकाळी जातो, आणि रात्री त्याच खोलीत दुसरा माणूस कायदेशीरपणे नोंदवला जातो. सकाळच्या कागदावर सगळं ठीक असतं. इथे संध्याकाळच्या पाळीचा कागद उपयोगी पडतो: सकाळी साफ झालेली, प्रणालीत दिवसभर रिकामी असलेली आणि संध्याकाळी पुन्हा साफ केलेली खोली शोधायची. लाँड्रीला गेलेल्या चादरींची संख्याही बोलते. तिच्यावर एकट्या दिवसासाठी भरवसा ठेवू नये, कारण डाग पडलेल्या चादरी, जास्तीचे पलंग, दर दोन दिवसांनी चादर बदलायची पद्धत अशा कारणांनी आकडा हलतो. पण महिन्याची सरासरी अचानक चढली आणि विकलेल्या खोल्या तेवढ्याच राहिल्या, तर पाहावं लागतं.

आउट ऑफ ऑर्डरबद्दल आणखी एक. ४२ ला ६० ने भागलं तर ऑक्युपन्सी ७० टक्के. बंद खोल्या वगळून ५७ ने भागलं तर ७३.७. ज्याचा बोनस ऑक्युपन्सीवर ठरतो आणि जिथे बंद खोल्या वगळून भागाकार करतात, तिथे रिकाम्या खोल्या ‘बंद’ करण्यात त्या माणसाचा फायदा असतो. यात पैसा चोरीला जात नाही, आकडा मात्र खोटा होतो. जॉब कार्डांची तीच तपासणी हेही दाखवून देते.

भाडं बरोबर लागलं का?

खोल्या ठरल्या की भाडं. रात्री नाइट ऑडिटर दिवस बंद करतो तेव्हा प्रणाली प्रत्येक भरलेल्या खोलीच्या फोलिओवर, म्हणजे पाहुण्याच्या खात्यावर, त्या रात्रीचं भाडं टाकते. आपल्या रात्री २० खोल्या ४,००० ने, १४ खोल्या ३,५०० ने आणि ८ खोल्या ३,००० ने गेल्या. म्हणजे ८०,००० अधिक ४९,००० अधिक २४,०००, एकूण १,५३,०००. कर १५,३००.

इथे दराच्या फरकाचा अहवाल काढायचा. बुकिंगच्या वेळी ठरलेला दर आणि प्रत्यक्ष लागलेला दर यांत जिथे तफावत आहे, तेवढ्याच ओळी तो दाखवतो. त्या ओळींतल्या काही निवडून मूळ बुकिंगचा ईमेल किंवा कंपनीशी झालेला करार पाहायचा. शून्य दराच्या खोल्याही इथेच दिसतात. कॉम्प्लिमेंटरी खोलीमागे अधिकार असलेल्या माणसाची सही हवी, आणि ती पाहुणा येण्याआधीची हवी.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण ती नंतर आठवते आणि तोवर उशीर झालेला असतो. हे अहवाल हॉटेलने दिलेल्या फाइलवरून तपासू नका. प्रणालीसमोर बसून स्वतः काढा किंवा आपल्यासमोर काढून घ्या, आणि वर कोणती तारीख, कोणता फिल्टर लावलाय ते वाचा. मग त्या रात्री काढून ठेवलेला मूळ गठ्ठा आणि आज पुन्हा काढलेला त्याच तारखेचा अहवाल शेजारी ठेवा. दोन्ही सारखे हवेत. नसतील तर बंद झालेल्या दिवसात मागाहून कोणीतरी नोंद केली आहे. काही प्रणालींत हे करता येतं आणि कोणाला करता येतं, ते वापरकर्त्यांच्या अधिकारांच्या यादीत सापडतं.

उत्पन्न आणि गल्ला एकसारखे का नसतात

खोल्यांचं उत्पन्न १,५३,०००, तर मग त्या दिवशी तेवढे पैसे आले का? नवखा तपासनीस इथे अडकतो. उत्पन्न रात्रीगणिक लागतं, पैसा मात्र पाहुण्याच्या सोयीने येतो. कोणी महिनाभर आधी आगाऊ भरलेले असतात, कोणी जाताना भरतो, कोणाची कंपनी पुढच्या महिन्यात देते. त्यामुळे एका दिवसाचं उत्पन्न आणि त्याच दिवसाची जमा थेट जुळवता येत नाही. दोन्हींच्या मधे पाहुण्यांकडून येणं असलेल्या रकमेचं खातं असतं, गेस्ट लेजर. जुळवायचं ते या खात्यातून.

आपल्या दिवसाचं गेस्ट लेजर असं दिसतं:

सुरुवातीची शिल्लक ९६,०००
अधिक खोल्यांचं भाडं आणि कर १,६८,३००
अधिक रेस्टॉरंट, लाँड्री वगैरे २१,७००
वजा अलाउन्स, म्हणजे दिलेली सूट, करासह ५,५००
वजा रोख जमा ३८,०००
वजा कार्डाने जमा ८४,५००
वजा कंपन्यांच्या नावे वर्ग ४६,०००
वजा आधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून वळते १२,०००
अखेरची शिल्लक १,००,०००

प्रत्येक ओळीला बाहेरचा आधार लागतो. सुरुवातीची शिल्लक कालच्या अखेरच्या शिल्लकेइतकी हवी. भाड्याची ओळ आपण आधीच पलंगापर्यंत नेली. कंपन्यांच्या नावे वर्ग झालेले ४६,००० म्हणजे पैसे आले नाहीत, फक्त ते आता पाहुण्याऐवजी कंपनीकडून येणं आहे. सिटी लेजर म्हणतात त्या खात्यात ते गेले, आणि तिथे बिल पाठवलं का, कंपनी ते मान्य करते का, हे पाहायचं.

अखेरच्या शिल्लकेकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते अर्धी गंमत तिथेच आहे. १,००,००० ही रक्कम उघड्या फोलिओंची बेरीज असली पाहिजे. ती यादी काढा आणि एकेक नाव घेऊन विचारा: हा माणूस काल रात्री खोलीत होता का? हाउसकीपिंगचा कागद हातात आहेच. आठवड्यापूर्वी गेलेल्या पाहुण्याची शिल्लक अजून उघडी असेल तर ते बुडीत येणं आहे, किंवा आलेले पैसे नोंदवलेले नाहीत. काही फोलिओ अस्तित्वात नसलेल्या खोलीच्या क्रमांकावर असतात. गटाचं एकत्र बिल ठेवायला अशी खाती लागतात, पण नको असलेल्या रकमा ढकलून ठेवायलाही ती सोयीची पडतात.

त्या दिवशी याशिवाय पुढच्या बुकिंगांसाठी आगाऊ रक्कम आली: रोख ७,००० आणि कार्डाने ११,०००. हे उत्पन्न नाही. पाहुणा येईपर्यंत ते हॉटेलवरचं देणं आहे. म्हणजे प्रणालीप्रमाणे एकूण रोख ४५,००० आणि कार्ड ९५,५००, मिळून १,४०,५००. करापूर्वीची ५,००० सूट वजा जाता खोल्यांचं उत्पन्न १,४८,००० होतं. दोन आकडे जवळजवळचे दिसतात, पण तो निव्वळ योगायोग आहे. एवढ्या जवळिकीवर समाधान मानून फाइल बंद केलेली मी पाहिली आहे.

कार्डाचे चार हजार

प्रणाली म्हणते कार्डाने ९५,५०० आले. कार्ड मशीनच्या बॅचची पावती म्हणते ९०,०००. फरक ५,५००. तरी आधी घड्याळ पाहायचं.

हॉटेलचा दिवस मध्यरात्री संपत नाही. नाइट ऑडिटर समजा रात्री २ वाजता दिवस बंद करतो, पण कार्ड मशीनचा बॅच रात्री १२ ला आपोआप बंद होतो. मधल्या दोन तासांतली जमा प्रणालीत आजची, मशीनवर उद्याची. म्हणून बॅचच्या ९०,००० मधून आदल्या रात्री १२ ते २ मध्ये आलेले ३,००० वजा करायचे, कारण ते कालच्या दिवसाचे. आणि आज रात्री १२ नंतर आलेले ४,५००, जे उद्याच्या बॅचमध्ये आहेत, ते मिळवायचे. झाले ९१,५००. खरा फरक ४,०००.

आता ओळीला ओळ लावायची. मशीनच्या प्रत्येक व्यवहाराला मंजुरीचा क्रमांक असतो आणि प्रणालीत जमा नोंदवताना तो लिहिला गेला असला पाहिजे. एका फोलिओवर ४,००० कार्डाने जमा दाखवलेत, पण मशीनवर तशी विक्री नाही. शोधल्यावर दिसतं की पाहुणा आला तेव्हा कार्डावर ४,००० रोखून ठेवले होते, ज्याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. जाताना कर्मचाऱ्याने प्रणालीत ‘कार्डाने जमा’ लिहिलं, पण मशीनवर ती रोखलेली रक्कम वसूल करायची पायरी राहून गेली. अशी रोखून ठेवलेली रक्कम काही दिवसांनी आपोआप सुटते. तोवर लक्षात आलं तर पैसे अजून मिळू शकतात. म्हणूनच ही जुळवणी महिन्याअखेरी करून उपयोग नाही, ती रोजच्या रोज हवी.

हाच ४,००० चा फरक वाईट कारणानेही पडू शकतो. पाहुण्याने रोख दिले, कर्मचाऱ्याने ते कार्डाच्या नावाने नोंदवले आणि रोख खिशात घातली. गल्ला मोजला तर बरोबर येतो, खोट फक्त कार्डात दिसते. म्हणून कार्डाची जुळवणी न करता रोख मोजून समाधान मानणारं हॉटेल या वाटेने गळत राहतं. आणखी एक खूण: बॅचची फक्त निव्वळ रक्कम पाहू नये. विक्री आणि परतावे वेगवेगळे वाचावेत. कर्मचारी स्वतःच्या किंवा ओळखीच्या कार्डावर परतावा पाठवतो तेव्हा तो एकूण बेरजेत मिसळून जातो. ज्या कार्डावर परतावा गेला, त्याच कार्डावर आधी विक्री झालेली असली पाहिजे, एवढा नियम लावला तरी असे व्यवहार वेगळे पडतात.

शेवटची पायरी बँक. बॅच ९०,००० चा, आणि कार्ड कंपनीचं शुल्क २ टक्के धरलं तर खात्यात एक-दोन दिवसांनी ८८,२०० येतील. शुल्काचे १,८०० खर्चात लिहायचे, उत्पन्नातून कापायचे नाहीत. पाहुण्याने बँकेकडे तक्रार करून परत मिळवलेली रक्कमही इथेच, काही आठवड्यांनी, वजा झालेली दिसते. प्रणालीला तिचा पत्ताच नसतो.

ऑनलाइन पोर्टलची बुकिंगं थोडी वेगळी वागतात. पैसे पाहुण्याकडून पोर्टल घेतं आणि आपलं कमिशन कापून हॉटेलला देतं. ४,००० च्या खोलीवर १८ टक्के कमिशन असेल तर हाती ३,२८० येतात. प्रणालीत काही बुकिंगं ४,००० ने आणि काही ३,२८० ने नोंदवलेली असतील, तर सरासरी दराचा आकडा निरर्थक होतो. पद्धत कोणती ते करारावरून ठरवा आणि ती सगळीकडे सारखी आहे का ते पाहा. पोर्टलचं मासिक विवरण हा आणखी एक बाहेरचा पुरावा आहे. प्रणालीत ‘रद्द’ असलेली पण पोर्टलच्या विवरणात ‘राहून गेला’ असलेली बुकिंगं त्यातून लगेच दिसतात.

रोकडीचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक पाळीचं वेगळं पाकीट, त्यावर मोजणाऱ्याची सही, आणि बँकेत भरणा दुसऱ्याच दिवशी. प्रणालीचे ४५,००० आणि भरणा पावतीचे ४५,००० जुळले तरी भरण्याची तारीख वाचा. भरणा सतत दोन-तीन दिवस उशिरा होत असेल, तर आजच्या पैशाने परवाची खोट भरली जात असण्याची शक्यता आहे. त्यावर उपाय एकच: न सांगता जाऊन एकाच वेळी सगळे गल्ले मोजणे. आणि वर्षभर एकाही पाळीत एका नाण्याचाही फरक पडला नसेल तर मला बरं वाटण्याऐवजी शंका येते. सुट्ट्या पैशांच्या गडबडीत थोडंफार वर-खाली होतंच. ते कधीच दिसत नसेल तर फरक कोणीतरी आपल्या हाताने भरून काढतो किंवा काढून घेतो.

सगळं जुळतं आणि तरी पैसे गेलेले असतात

वरची सगळी जुळवणी ज्या एका प्रकारापुढे आंधळी आहे, तो पाहुण्याला दिलेल्या सुटीचा. गेस्ट लेजरमधले अलाउन्सचे ५,५०० आठवा. करापूर्वी ५,०००, तीन नोंदींत. एक १,५०० ची: एसी अर्धी रात्र बंद, तक्रारवहीत नोंद, ड्यूटी मॅनेजरची सही. दुसरी ५०० ची: दर चुकीचा लागला होता, करारपत्र जोडलेलं. तिसरी ३,००० ची, खोली २१४, कारण ‘पाहुण्याची तक्रार’.

खोली २१४ चा फोलिओ उघडून नोंदींच्या वेळा पाहिल्या. पाहुणा दोन रात्री राहिला, ४,००० दराने ८,००० आणि कर ८००. सकाळी ९:०५ ला ८,८०० चं बिल छापलं, रोख जमा, फोलिओ बंद. दुपारी २:४० ला तोच फोलिओ पुन्हा उघडला. ३,००० ची सूट आणि ३०० कर कमी, रोख जमा ८,८०० ची ५,५०० केली, पुन्हा बंद. पाहुणा तोपर्यंत कधीच निघून गेला होता. त्याच्याकडे ८,८०० चं खरं बिल आहे, तो खूश आहे. प्रणालीत उत्पन्न ३,००० ने कमी, कर ३०० ने कमी, रोख ३,३०० ने कमी. गल्ला मोजा, बरोबर. लेजर जुळवा, बरोबर. खोल्या मोजा, बरोबर. उत्पन्नच कमी करून टाकल्यावर खोट कुठे दिसणार?

हे शोधायला बेरीज नको, वेळ हवी. चेक-आउटनंतर पुन्हा उघडलेल्या फोलिओंची यादी प्रणालीतून काढायची. त्यातून रोखीने भरलेले वेगळे करायचे, कारण कार्डाने भरलेल्याची सूट कार्डावरच परत जायला हवी आणि ती बॅचमध्ये दिसते. मग सूट कोणत्या लॉग-इनवरून दिली, त्या माणसाची पाळी तेव्हा होती का आणि पैसे घेणारा व सूट देणारा एकच आहे का, ते पाहायचं. तक्रार असेल तर ती तक्रारवहीत, ईमेलमध्ये, कुठेतरी असणारच. आणि पाहुण्याला खरंच ३,३०० परत दिले असतील तर परताव्याच्या पावतीवर त्याची सही हवी.

उरलेल्या नोंदींसाठी थेट पाहुण्यालाच विचारता येतं. हॉटेलच्या संमतीने, पण हॉटेलच्या काउंटरवरून नव्हे, एक छोटा ईमेल पाठवायचा: अमुक तारखांना राहिल्याबद्दल आपण एकूण किती रक्कम भरली, बिलाची प्रत असल्यास पाठवावी. आपल्याकडचा आकडा त्यात लिहू नये, नाहीतर लोक न पाहताच ‘हो’ म्हणतात. उत्तरं थोडीच येतात. कचेरीतून खर्च परत घेणारे प्रवासी मात्र बिल जपून ठेवतात, म्हणून पत्र पाठवताना आधी त्यांना निवडावं. २१४ च्या पाहुण्याने ८,८०० च्या बिलाची प्रत पाठवली, तर ती प्रत, फोलिओचा वेळेसह लॉग आणि त्या पाळीचं रोकड पाकीट हे तीन कागद एकत्र लावून फाइलमध्ये जातात. शेजारी त्याच लॉग-इनवरून मागच्या तीन महिन्यांत चेक-आउटनंतर दिलेल्या सर्व रोख सुटींची यादी.